#गूळ की #gul? कोल्हापुरातल्या स्थानिक ब्रँडसाठी हॅशटॅगच्या लिपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच घेतलं आहे: कोल्हापुरात एक किलोचे गुळाचे रवे, म्हणजे घट्ट गोळे, आणि काकवीच्या बाटल्या पॅक करून विकणारा छोटा ब्रँड. गूळ मुद्दाम निवडला आहे. या एका शब्दात दीर्घ ऊकार आहे, ळ आहे, आणि त्याच्या आगेमागे काकवी आणि गुऱ्हाळ हे शब्द येतात. मराठी हॅशटॅगमध्ये जे जे बिघडू शकतं ते जवळजवळ सगळं इथेच सापडतं. तुमचा धंदा चपलांचा, मसाल्याचा किंवा साजाचा असला तरी पडताळणी हीच करायची, फक्त शब्द बदलायचे.

सरळ सांगा, देवनागरी वापरायची की रोमन?

सरसकट एक लिपी ठरवू नका. प्रत्येक शब्दाची लिपी वेगळी ठरवा, कारण दोन्ही लिप्या मराठी शब्दाचं वेगवेगळं नुकसान करतात.

रोमनमध्ये लिहिलं की ह्रस्व-दीर्घाचा घोळ बराचसा मिटतो. कोल्हापूर लिहा की कोल्हापुर, रोमनमध्ये `kolhapur` एवढंच उरतं. पण त्याच वेळी ळ चा l होतो, ण चा n होतो, आणि शब्दाच्या मधला अ लिहायचा की नाही हे प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवतो. काकवीचं कुणी `kakvi` करतं, कुणी `kakavi`, कुणी `kaakvi`.

देवनागरीत नेमकं उलटं होतं. ळ आणि ण शाबूत राहतात, मधल्या अ चा प्रश्नच येत नाही, पण ह्रस्व-दीर्घाची चूक झाली की टॅग दुसराच होतो.

म्हणून शब्द हातात घ्या आणि त्यात अडचणीचं अक्षर कोणतं ते बघा. काकवी देवनागरीत जवळजवळ सगळे सारखीच लिहितात, म्हणून `#काकवी`. गावाचं नाव रोमनमध्ये पक्कं आहे, म्हणून `#kolhapur`. गूळ मात्र दोन्हीकडे त्रास देतो; त्याचं पुढे येतंच.

#गूळ आणि #gul हे एकाच ठिकाणी पोचत नाहीत का?

नाही. हॅशटॅगचं पान अक्षरं जुळवून बनतं, अर्थ जुळवून नाही. `#गूळ`, `#गुळ` आणि `#gul` ही तीन वेगळी पानं आहेत. एकाखालची पोस्ट दुसऱ्याखाली दिसत नाही. रोमनमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही, त्यामुळे `#KolhapuriGul` आणि `#kolhapurigul` एकच. देवनागरीत मात्र एक वेलांटी बदलली तरी पान बदललं.

साध्या शब्दांच्या शोधाचं तसं नसतं. गुगल, यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामच्या शोधपट्टीत # न लावता काही टाइप केलं, तर ती यंत्रणा कॅप्शन, प्रोफाइलचं नाव आणि मजकूर असं सगळं सैलपणे बघते. हा फरक मनात पक्का ठेवा, कारण त्यावरच पुढचा बराचसा सल्ला उभा आहे: टॅग एकाच रूपात द्यायचा आणि बाकीची रूपं कॅप्शनच्या वाक्यांत येऊ द्यायची.

गूळ की गुळ? लोक तर दोन्ही लिहितात.

शुद्ध रूप गूळ. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा उकार दीर्घ होतो, आणि प्रत्यय लागला की तो ह्रस्व होतो: गूळ पण गुळाचा, कोल्हापूर पण कोल्हापुरी. गंमत अशी की `#कोल्हापुरी_गूळ` या एका टॅगमध्ये पु ह्रस्व हवा आणि गू दीर्घ, आणि घाईत लिहिणारा नेमकी अदलाबदल करतो. दोन जागी दोन-दोन पर्याय झाले चार. मध्ये अंडरस्कोर द्यायचा की नाही हे धरलं तर आठ. म्हणजे एकाच मालाचे आठ टॅग, आणि दुकानातला मुलगा एक, डिझाइन करणारा दुसरा आणि मालक तिसरा टाकतोय, हे अगदी नेहमीचं चित्र आहे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे: फोनच्या नोंदवहीत टॅगांची एक ओळ जपून ठेवा आणि दर वेळी तिथूनच कॉपी करा. हाताने टाइप करू नका. टॅगमध्ये शुद्ध रूप ठेवा. ह्रस्व रूप शोधणाऱ्यासाठी कॅप्शनमध्ये ‘गुळाचा चहा’, ‘गुळाची पोळी’ असं सहज येतंच, त्यासाठी मुद्दाम अशुद्ध लिहायची गरज नाही. पाकिटावर अशुद्ध टॅग छापला तर गिऱ्हाईक बोलून दाखवत नाही, पण बघतं.

मग #gul वापरला तर काय बिघडतं?

तो टॅग तुमचा नाहीच. उर्दू-फारसीत गुल म्हणजे फूल, तुर्की भाषेत `gül` म्हणजे गुलाब आणि ते लोक वरचे दोन ठिपके बऱ्याचदा गाळतात, नॉर्वे-डेन्मार्ककडे `gul` म्हणजे पिवळा, शिवाय अनेकांच्या नावातही गुल आहे. तुमचा रवा या सगळ्या गर्दीत जाऊन बसतो. `#gud` लिहिलं तर ‘गुड मॉर्निंग’वाले शेजारी येतात. `#misal` चं असंच होतं: इंडोनेशियात तो शब्द ‘उदाहरणार्थ’ या अर्थाने रोजच्या वापरात आहे, त्यामुळे मिसळवाल्यांनीही सावध राहावं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. टॅग शोधपट्टीत टाका, पान उघडा आणि वरच्या 12 पोस्ट बघा. त्यांतल्या किती तुमच्या मालाच्या आहेत, किती मराठी माणसांच्या आहेत ते मोजा. 12 पैकी चारसुद्धा जुळत नसतील तर तो टॅग सोडून द्या, त्याच्या पोस्टचा आकडा कितीही मोठा दिसू दे. आकडा बघून भुलणं ही इथली सगळ्यांत जुनी चूक आहे.

छोट्या रोमन शब्दाला गावाचं नाव जोडलं की गोंधळ एकदम कमी होतो. `#kolhapurigul` लिहिल्यावर तुर्की गुलाब येत नाहीत.

देवनागरीत लिहिलं की हिंदीची गर्दी येते, हे खरं का?

शब्दावर आहे. चप्पल हा शब्द मराठीत आणि हिंदीत अक्षर न् अक्षर सारखाच आहे, त्यामुळे `#चप्पल` वर दोन्हीकडचं सगळं येणार. `#कोल्हापुरी` चंही थोडं तसंच. ज्या शब्दात ळ आहे तो मात्र चाळणीचं काम करतो. हिंदीत गूळ ला गुड़ म्हणतात, मिसळ तिथे मिसल होते. त्यामुळे `#गूळ` किंवा `#मिसळ` टॅग उघडणारा माणूस जवळजवळ नक्की मराठी वाचणारा असतो. तुम्ही माल कोल्हापूर, सांगली, पुणे, ठाणे इथेच पाठवत असाल तर हे छोटं पान मोठ्या पानापेक्षा कामाचं.

चपलांच्या धंद्यात असाल तर `#चप्पल` ऐवजी `#कापशी` किंवा `#पायताण` असे आपले शब्द घ्या. पायताणाचा ण पुन्हा तीच चाळणी लावतो. उलट `#kolhapurichappal` वर आता देशभरातलंच नव्हे तर बाहेरचंही बरंच काही येतं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि वाद झाला, तेव्हापासून त्या रोमन टॅगवर बातम्या, विनोद आणि चर्चा यांची भर पडली आहे. महाद्वार रोडवरचा दुकानदार तिथे सापडणं अवघड.

#गुऱ्हाळ टाकला की आमच्याच जुन्या पोस्ट दिसत नाहीत. असं का?

कारण दिसायला एकच असलेला हा शब्द आत दोन प्रकारे साठवला जातो. गुऱ्हाळमधला तो अर्धा, पापणीसारखा र पूर्वीपासून दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, मग डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग ह.

```
ऱ्ह : U+0931 U+094D U+0939
र्‍ह : U+0930 U+094D U+200D U+0939
```

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्रासाठी हे दोन निराळे शब्द असू शकतात. शिवाय काही कीबोर्डवर यातलं काहीच जमत नाही आणि ‘गुर्हाळ’ असा रफार डोक्यावर घेतलेला तिसरा प्रकार तयार होतो. फोन बदलला, कीबोर्ड बदलला किंवा पोस्ट दुसऱ्याने टाकली की पद्धत बदलते आणि तुमचे टॅग तीन पानांवर विखुरतात.

ओळखायचं असं: नव्या पोस्टवरचा टॅग दाबा आणि येणाऱ्या पानावर स्वतःची महिनाभरापूर्वीची पोस्ट शोधा. ती नसेल तर जुन्या पोस्टवरचा टॅग दाबून बघा. दोन पानं वेगळी निघाली तर दोष साठवणीतच आहे. संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर Shift+J ने ऱ मिळतो. त्यापुढे हलन्त आणि ह दिला की पहिली पद्धत मिळते, आणि तीच धरून ठेवावी.

भाकऱ्या, शेतकऱ्यांचा, दऱ्या या सगळ्या शब्दांना हाच आजार आहे. `#शेतकऱ्यांचा_गूळ` ऐकायला छान वाटतो, पण टॅग म्हणून आम्ही तो सुचवणार नाही. तो शब्द कॅप्शनमध्ये लिहा. ॲ आणि अॅ यांचंही असंच आहे: पहिलं एकच अक्षर आहे, दुसरं अ वर चंद्र ठेवून केलेलं, आणि दोन्ही हुबेहूब दिसतात. टॅगमध्ये शक्यतो दोन्ही टाळा.

शब्द जोडून लिहायचे की अंडरस्कोर द्यायचा?

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, हायफन आला की टॅग तिथेच तुटतो. रोमनमध्ये मोठी अक्षरं वापरून शब्द वेगळे दाखवता येतात, `#KolhapuriGul` पटकन वाचता येतं. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे जोडलेला शब्द वाचणाऱ्याला स्वतःच फोडावा लागतो, आणि तो चुकीच्या जागीही फुटतो.

`#गुळाचाचहा` हा टॅग एकदा मोठ्याने वाचून बघा. तुम्हाला गुळाचा चहा म्हणायचंय. वाचणारा म्हणतो, ‘गुळाचाच हा!’ अक्षरं तीच, अर्थ दुसरा. रोमनमध्ये `#gulachachaha` लिहिलं तर कुणीतरी हसतंय असं वाटतं, तेही काही बरं नाही. इथे `#गुळाचा_चहा` हाच मार्ग.

अंडरस्कोर दिला की टॅग वेगळा होतो हे मान्य. म्हणून ठोकताळा असा: दोन शब्दांचा देवनागरी टॅग असेल आणि तो बाकीचे लोकही वापरत असतील, तर लोक कसा लिहितात ते बघून तसाच घ्या. फक्त तुमच्या ब्रँडचा असेल तर अंडरस्कोर द्या, कारण तिथे वाचता येणं महत्त्वाचं, शोधणारे तसेही कमी. तीन शब्दांपलीकडे देवनागरी टॅग नकोच. `#कोल्हापूरचाअस्सलसेंद्रियगूळ` कुणी वाचत नाही, शोधत तर त्याहून नाही.

वाक्यातच टॅग घातला तर चालेल का?

इंग्रजीत चालतं, मराठीत अडतं. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘आता #कोल्हापूरबाहेरही मिळेल’ असं लिहिलं की टॅग झाला `#कोल्हापूरबाहेरही`, म्हणजे फक्त तुमचा, जगात कुणी न शोधणारा. प्रत्यय तोडून ‘#कोल्हापूर बाहेरही’ लिहिलं तर वाक्य खटकतं. आणि गूळसारख्या शब्दाचं सामान्यरूपच बदलतं, ‘#गूळ ाचा’ असं काही करता येत नाही. टॅग वाक्याच्या बाहेर, शेवटी, वेगळ्या ओळीत ठेवा. टॅगनंतर लगेच पूर्णविराम चालतो, पण त्यापुढचं अक्षर चिकटवू नका.

आमचं गिऱ्हाईक नक्की कोणत्या लिपीत टाइप करतं हे कसं कळणार?

विचारून कळत नाही, बघून कळतं. ‘तुम्ही मराठीत टाइप करता का?’ असं विचारलं की अर्धे लोक मान ठेवायला ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा काउंटरवर आलेल्या 15-20 जणांना सांगा, ‘तुमच्याच फोनवर जरा आमचा गूळ शोधून दाखवता का?’ आणि ते काय टाइप करतात ते अक्षरशः तसंच वहीत उतरवा. `kolhapur gul`, `gul online`, `jaggery kolhapur`, बोलून टाइप केलेलं ‘कोल्हापुरी गूळ’, जे असेल ते. शेजारी वयाचा अंदाज आणि गाव लिहा. शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला येणारं बाहेरगावचं गिऱ्हाईक आणि मंगळवारी येणारं पेठेतलं गिऱ्हाईक यांची पानं वेगळी ठेवा.

या वहीत बहुतेकदा एक गोष्ट दिसते, आणि तीच सगळ्यात उपयोगाची: माणूस वाचतो एका लिपीत आणि टाइप करतो दुसऱ्या. देवनागरी कॅप्शन सरसर वाचणारा माणूस शोधताना रोमन दाबतो, कारण कीबोर्ड बदलायचा कंटाळा. माइकवर बोलणारे, त्यात वयस्कर मंडळीही आली, त्यांचा फोन मराठीवर असेल तर देवनागरीतच शोधतात आणि त्यांचा शब्द शुद्ध येण्याची शक्यता जास्त, कारण लेखन यंत्र करतं. निपाणी-बेळगावकडचं कानडी बोलणारं किंवा गोव्याचं गिऱ्हाईक असेल तर रोमन हवंच.

म्हणून कॅप्शन देवनागरीत आणि टॅग मिश्र, ही जोडी बहुतेक स्थानिक ब्रँडना जमते.

डिझाइनवाल्याने पाठवलेला मराठी मजकूर पेस्ट केला तर इंग्रजी कचरा येतो.

तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. फ्लेक्स आणि पाकिटं करणारे बरेच जण अजून जुन्या फाँट्सवर काम करतात. त्यात ‘का’ हे अक्षर आतून `H$m` असं साठवलेलं असतं आणि फाँट त्याला ‘का’ चं रूप देतो. फाँट काढला की खालचा सांगाडा उघडा पडतो. शिवाय $ चिन्ह आलं की टॅग तिथेच तुटतो. डिझाइनमधून टॅग कधीच उचलू नका. आपल्या नोंदवहीतून डिझाइनवाल्याला द्या, उलट नको. आणि छापण्यापूर्वी पाकिटावरचा टॅग अक्षर अक्षर बघा, कारण तुमचा युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना ळ आणि जोडाक्षरं हमखास मार खातात.

आमच्या वेबसाइटवर टॅग गोळा करणारी पट्टी आहे, ती मराठी टॅग अर्धेच दाखवते.

वेबसाइट करणाऱ्याला खालचं दाखवा, तो लगेच ओळखेल.

```python
import re
s = "#गूळ #कोल्हापूर #gul"
re.findall(r"#\w+", s)
# ['#ग', '#क', '#gul']
```

पायथनच्या या नेहमीच्या सूत्रात `\w` म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. आपल्या वेलांट्या, उकार आणि काने त्याच्या लेखी अक्षर नाहीत, त्यामुळे पहिली मात्रा आली की टॅग संपला. गूळचा नुसता ग उरतो. देवनागरीचा पट्टा जोडला की काम होतं. फक्त दंडाची दोन चिन्हं वगळायची आणि ती न दिसणारी जोडचिन्हं घ्यायची:

```python
r"#[\w\u0900-\u0963\u0966-\u097F\u200C\u200D]+"
```

मोठ्या मंचांवर ही अडचण सहसा येत नाही. तरी पोस्ट टाकल्यावर टॅगचा रंगीत भाग कुठे संपतो ते एकदा बघत जा. शेवटच्या अक्षराआधीच रंग संपला तर टॅग तुटलाय.

सेंद्रिय लिहायचं की organic?

इंग्रजी शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्येच चांगला चालतो. ऑर्गॅनिक, ऑरगॅनिक, ऑर्गेनिक असे तीन-चार प्रकार देवनागरीत होतात, `#organicjaggery` एकच. सेंद्रियही लोक सेंद्रीय असं लिहितात. पण लिपीआधीचा प्रश्न वेगळाच आहे: प्रमाणपत्र नसेल तर हा शब्द कोणत्याच लिपीत टाकू नका. टॅग हाही दावाच असतो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून प्रत्येक विक्रेत्याला ते मिरवता येतं असंही नाही; त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

#नादखुळा, #लयभारी असले टॅग टाकावेत का?

टाका, हौस म्हणून. त्यावर गाड्या, कुस्ती, रंकाळ्याचे सूर्यास्त आणि मित्रांच्या टोळ्या असतात. गूळ घ्यायला तिथे कुणी येत नाही. शिवाय लय की लई, `lay` की `lai`, हे कोल्हापुरातच ठरलेलं नाही. हे शब्द कॅप्शनच्या पहिल्या ओळीत जास्त शोभतात.

अशीच एक फसगत `#रवा` ची. मार्केट यार्डात रवा म्हणजे गुळाचा घट्ट गोळा, पण टॅगच्या पानावर मात्र उपमा आणि लाडू.

एक पोस्ट पूर्ण करून दाखवाल?

समजा डिसेंबर आहे, हंगाम जोरात आहे, फोटोत एक किलोचा रवा आणि काकवीची बाटली. कॅप्शन असं:

‘या आठवड्यातला ताजा गूळ आला. एक किलोचा रवा आणि अर्ध्या लिटरची काकवी. गुऱ्हाळावरून थेट पॅकिंगला. कोल्हापुरात घरपोच, बाहेरगावी कुरिअरने. Kolhapuri gul, kakvi: मेसेज करा.’

शेवटचं अर्धं वाक्य मुद्दाम रोमनमध्ये आहे. रोमन दाबून शोधणाऱ्यासाठी ते शब्द मजकुरात कुठेतरी असावे लागतात आणि एवढ्याने देवनागरी वाचणाऱ्याला खटकतही नाही. ‘गुऱ्हाळ’ कॅप्शनमध्ये आलं, टॅगमध्ये नाही.

खाली टॅग:

`#गूळ #काकवी #kolhapurigul #kolhapur` आणि पाचवा तुमच्या ब्रँडचा.

पहिले दोन मराठी चाळणी लावतात. तिसरा आपला माल गावासकट सांगतो. चौथ्यावर गर्दी आहे, पण गावातला माणूस तोच उघडतो. पूर्वी इन्स्टाग्रामवर एका पोस्टला 30 टॅगांची मुभा होती आणि लोक 30 भरायचे. आता मंच स्वतःच पाचपेक्षा जास्त नको म्हणतो. त्यामुळे एकाच शब्दाची चार रूपं टॅगमध्ये कोंबायची सोय उरलेली नाही, आणि ते बरंच झालं. परराज्यात पाठवत असाल तर त्या पोस्टपुरता `#kolhapur` काढून `#kolhapurjaggery` घाला.

फरक पडतोय का, हे मोजायचं कसं?

आठ पोस्ट घ्या, एकाच प्रकारच्या, साधारण एकाच वेळी टाकलेल्या. एक आड एक: एकीवर फक्त रोमन टॅग, दुसरीवर वर सांगितलेले मिश्र. कॅप्शनची भाषा तीच ठेवा. चार दिवसांनी प्रत्येकीच्या आकडेवारीत फॉलोअर नसलेल्यांपर्यंत किती पोचलं ते लिहा. फॉलोअरांचा आकडा इथे बघायचा नाही, ते टॅगमुळे आलेले नसतात.

आठ पोस्ट म्हणजे फार नव्हे. एखादा रील उगाच चालला तर सगळा हिशेब वाकतो, म्हणून सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची पोस्ट बाजूला ठेवून उरलेल्या बघा. फरक किरकोळ असेल तर लिपीचा नाद सोडा आणि वाचायला सोपी बाजू घ्या. संक्रांतीच्या आठवड्यात चाचणी करू नका; तेव्हा गूळ आपोआप शोधला जातो आणि श्रेय टॅगला मिळतं.

ब्रँडच्या स्वतःच्या टॅगचं काय? पाकिटावर कोणता छापायचा?

रोमन. कारण सोपं आहे: इन्स्टाग्रामचं युजरनेम देवनागरीत घेताच येत नाही, त्यात रोमन अक्षरं, अंक, टिंब आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. त्यामुळे रोमन स्पेलिंग तुमच्यासाठी तिथेच ठरून गेलेलं असतं. टॅगही अक्षर अक्षर तसाच ठेवा. युजरनेममध्ये `gul` आणि टॅगमध्ये `gool` असं झालं की गिऱ्हाईक दोन दुकानं समजतं.

नाव अजून ठरायचं असेल तर फोनवर कुणाला तरी ते एकदाच सांगा आणि रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगा. पाच जणांनी पाच स्पेलिंग पाठवली तर नावात मधला अ किंवा दीर्घ स्वर अडतोय. देवनागरी नाव पाकिटावर मोठं छापा, ते वाचायला आहे. टॅग खाली छोट्या अक्षरांत, पण o आणि 0 किंवा l आणि I यांत गोंधळ होणार नाही अशा फाँटमध्ये, कारण तो बघून टाइप करायचा आहे.